कापलेलं कलिंगड: नाकावर नाही, घड्याळावर विका

सकाळी १० ला कापलेलं कलिंगड संध्याकाळी काउंटरवरच आहे. आंबूस, दारूसारखा वास येतोय, रसावर बारीक फेस आहे? म्हणजे यीस्टने साखर आंबवली. फोड बुळबुळीत झाली, कुजका वास आला, तर बॅक्टेरियांनी गर सडवलाय. दोन्ही फेकायचंच.

पण खरा धोका वास न येणाऱ्या फोडीत असतो. कलिंगड-पपईत आंबटपणा कमी, त्यामुळे सालीवरून सुरीबरोबर आत गेलेला साल्मोनेला उन्हाळ्यात झपाट्याने वाढतो, आणि वास अजिबात बदलत नाही. म्हणून मी कापल्याची वेळ ट्रेवर लिहितो. बाहेर २ तास, पारा ३२ अंशांवर असेल तर १ तासच. साल आधी धुवा, माल थोडा थोडा कापा. कापलेला माल लगेच ५ अंशांखाली फ्रीजमध्ये टाका. वेळ उलटल्यावर ठेवून उपयोग नाही.