दोन वाटांनी आटणारं पोटॅशियम

महाबळेश्वरच्या कड्यातला काळा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी तप्त लाव्हा होऊन वाहत होता. हे वय काढण्याचा एक प्रमुख मार्ग त्या दगडात अडकलेल्या अत्यल्प पोटॅशियममधून जातो. सगळं पोटॅशियम त्यासाठी उपयोगाचं नाही. निसर्गातल्या दर १०,००० पोटॅशियम अणूंपैकी जेमतेम एखादा अणू पोटॅशियम-४० या किरणोत्सारी प्रकारचा असतो, आणि कालमापनाचा सगळा भार तोच उचलतो. पण हा अणू एकाच वाटेनं संपत नाही. त्याचा कधी कॅल्शियम-४० होतो, तर कधी आरगॉन-४०. रसायनशास्त्रात ज्यांना समांतर प्रथम कोटीच्या अभिक्रिया म्हणतात, त्यांचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं सापडणं कठीण आहे.

प्रथम कोटीची अभिक्रिया म्हणजे जिचा वेग त्या क्षणी शिल्लक असलेल्या पदार्थाच्या प्रमाणात असतो. माल जास्त असेल तर वेग जास्त, माल निम्मा झाला की वेगही निम्मा. पोटॅशियम-४० चे १०,००० अणू घेतले, तर पुढच्या एक कोटी वर्षांत त्यांतल्या साधारण ४९.६ अणूंचा कॅल्शियम होईल आणि ५.८ अणूंचा आरगॉन. दोन्ही वाटा एकाच साठ्यातून अणू नेतात, म्हणून साठा या दोहोंच्या बेरजेनं, म्हणजे ५५.४ नं कमी होतो. एकूण वेग स्थिरांक काढण्याचा सगळा नियम एवढाच आहे: k = k₁ + k₂. सरासरी नाही, गुणाकार नाही, साधी बेरीज.

बेरीज कशाची करायची, इथे मात्र अनेकांचा पाय घसरतो. बेरीज वेग स्थिरांकांची होते, अर्धायुष्यांची होत नाही. केवळ कॅल्शियमची वाट खुली असती, तर पोटॅशियम-४० निम्मं व्हायला सुमारे १४० कोटी वर्षं लागली असती. केवळ आरगॉनची वाट असती, तर सुमारे १,१९३ कोटी. दोन्ही खुल्या असताना प्रत्यक्ष अर्धायुष्य १२५ कोटी वर्षं भरतं, म्हणजे दोहोंपेक्षा कमी. दुसरी वाट कितीही अरुंद असली, तरी तिच्यामुळे साठा लवकरच संपणार.

आता वाटणीचं पाहू. कोणत्याही क्षणी दोन्ही वाटांचा वेग एकाच शिल्लक साठ्यावर ठरतो, त्यामुळे साठा कितीही घटला तरी त्या वेगांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण हलत नाही. आरगॉनचा हिस्सा ५.८ भागिले ५५.४, म्हणजे सुमारे १०.५ टक्के, उरलेले ८९.५ टक्के कॅल्शियमचे. पहिल्या लाख वर्षांत हीच वाटणी आणि शंभर कोटी वर्षांनंतरही हीच. आरगॉन सावकाश तयार होतो म्हणून त्याच्या वाढीचा कालावधी वेगळा असेल, असं वाटू शकतं. तसं नसतं. अंतिम प्रमाणाच्या निम्मा टप्पा दोन्ही उत्पादितं एकाच वेळी, १२५ कोटी वर्षांनी गाठतात. वेगळी असते ती फक्त त्यांची रक्कम.

सुटे स्थिरांक मोजायला इतका काळ वाट पाहावी लागत नाही. कॅल्शियमच्या वाटेनं जाणारा अणू एक बीटा कण बाहेर फेकतो. आरगॉनच्या वाटेनं जाणाऱ्या बहुतेक अणूंकडून ठरावीक ऊर्जेचा गॅमा किरण निघतो. साध्या एक ग्रॅम पोटॅशियममधून दर सेकंदाला सुमारे २८ बीटा कण आणि ३.३ गॅमा किरण मोजले जातात. त्या ग्रॅममध्ये पोटॅशियम-४० चे किती अणू आहेत हे ठाऊक असतं, तेव्हा भागाकार केला की दोन्ही स्थिरांक हाती येतात. एका मोजणीयंत्रासमोर ठेवलेली चिमूटभर पूड अब्जावधी वर्षांचा वेग सांगते, ही खरोखर विलक्षण गोष्ट आहे.

आता एका दगडाचा हिशोब करू. समजा, बेसॉल्टच्या तुकड्यात पोटॅशियम-४० चे १०,००० अणू शिल्लक आहेत आणि त्यांच्यापासून झालेले आरगॉनचे ३९ अणू सापडले. आरगॉनमागे एकूण किती अणू संपले? हिस्सा १०.५ टक्के, म्हणून ३९ ला ९.५४ नं गुणायचं: ३७२. त्यातले ३३३ कॅल्शियम होऊन गेले. म्हणजे सुरुवातीला १०,३७२ अणू होते. १०,३७२ भागिले १०,००० याचा नैसर्गिक लॉगरिदम ०.०३६५, त्याला एकूण स्थिरांकानं, दर कोटी वर्षांच्या ०.००५५४ नं भागलं की उत्तर सुमारे ६.६ कोटी वर्षं.

या हिशोबात दोन चुका संभवतात आणि त्यांचे परिणाम फार वेगळे आहेत. कॅल्शियम झालेले अणू विसरून ३९ हीच एकूण घट धरली आणि स्थिरांक मात्र एकूण वापरला, तर दगड अवघा ७० लाख वर्षांचा ठरतो. उलट, संपूर्ण गणितच आरगॉनच्या एकट्या स्थिरांकानं केलं, तर उत्तर ६.७ कोटी येतं, आणि चूक लक्षातही येत नाही. ती उघडी पडते जुन्या खडकात. ३०० कोटी वर्षांच्या खडकात १०,००० शिल्लक अणूंमागे सुमारे ४,४८० आरगॉन अणू असायला हवेत. त्यावर हेच एकेरी गणित केलं, तर वय ६३७ कोटी वर्षं निघतं, आणि पृथ्वी तर सुमारे ४५४ कोटी वर्षांचीच आहे! काळ थोडा असतो तेव्हा साठा जवळपास तेवढाच राहतो, म्हणून दुसऱ्या वाटेकडे दुर्लक्ष खपून जातं. साठा ओसरू लागला की ते खपत नाही.

मग ८९.५ टक्के हिस्सा असलेलं कॅल्शियमच का मोजत नाहीत? कारण निसर्गातलं सुमारे ९७ टक्के कॅल्शियम मुळातच कॅल्शियम-४० असतं आणि बेसॉल्टमध्ये ते भरपूर असतं. नव्यानं तयार झालेले मूठभर अणू त्यात ओळखू येत नाहीत. आरगॉनचं तसं नाही. तो निष्क्रिय वायू असल्यानं वितळलेल्या लाव्ह्यातून बहुतेक निघून जातो आणि खडक थिजल्यावर साठायला लागतो. छोटी वाटच कामाची ठरते, कारण तिचं उत्पादित वेगळं ओळखता येतं. हवेतला जवळजवळ एक टक्का आरगॉनही मुख्यतः याच वाटेनं आला आहे. तसा तर्क फोन वाइत्सेकर या जर्मन शास्त्रज्ञानं १९३७ साली मांडला होता.

दख्खनच्या खडकांनी मात्र या पद्धतीची कसोटी पाहिली. इथल्या बेसॉल्टमध्ये पोटॅशियम कमी, त्यामुळे आरगॉनही कमी. त्यात भेगांमधून पाणी झिरपून खडक बदलला. पोकळ्यांमध्ये दिसणारे जिओलाइटचे सुंदर स्फटिक त्याचीच खूण. बदललेल्या काचेतून आणि खनिजांतून आरगॉन निसटतो. वाटणी १०.५ टक्क्यांचीच होते, पण तयार झालेला सगळा वायू जागेवर राहत नाही, आणि दगड खऱ्यापेक्षा तरुण भासतो. लाव्ह्यातच जुना आरगॉन अडकून राहिला असेल, तर तो म्हातारा भासतो. जुन्या मोजणीत दख्खनच्या वयांत कोट्यवधी वर्षांची तफावत पडत होती, त्यामागे ही कारणं होती.

म्हणून आता नमुना आधी अणुभट्टीत न्यूट्रॉनांच्या माऱ्याखाली ठेवतात. त्यानं साध्या पोटॅशियम-३९ च्या काही अणूंचा आरगॉन-३९ होतो, आणि पोटॅशियम किती होतं हेही वायूतूनच कळतं. मग नमुना टप्प्याटप्प्यानं तापवून प्रत्येक टप्प्याच्या वायूतलं दोन्ही आरगॉनांचं गुणोत्तर तपासतात. गळती झालेली असेल तर कमी तापमानाचे टप्पे कमी वय दाखवतात, कारण कणांच्या कडांजवळचा आणि सैल बसलेला वायू आधी सुटतो. पुढचे अनेक टप्पे सलग एकच वय देऊ लागले, तरच ते वय ग्राह्य धरतात. आलेखावर वयांची अशी सपाट रेषा उमटली नाही, तर तो नमुना बाजूला ठेवला जातो.