पत्र्याच्या पट्टीचा धीर आणि गाडीचा कान

आदिलाबादमधली मे महिन्यातली रात्र डोळ्यांसमोर आणा. दिवसभर पंचेचाळीस अंशांच्या आसपास तापलेल्या भिंती रात्री अकरालाही गरमच आहेत. घरात दोन एसी चालू आहेत, फ्रीज आणि पंखे चालू आहेत, आणि अंगणात इलेक्ट्रिक गाडी चार्जरला लावलेली आहे. कनेक्शन सिंगल फेज आहे आणि मेन एमसीबी ३२ अँपिअरचा. दोन्ही एसी मिळून १४ अँपिअर घेतात, बाकीचं घर ३. गाडीचा चार्जर ७.२ किलोवॉटचा, म्हणजे पूर्ण जोरात तो एकटाच सुमारे ३२ अँपिअर ओढू शकतो. बेरीज ४९ होते. हिशेबाने इथे मेन पडायलाच हवा.

पण तो लगेच पडत नाही. त्या न पडण्यामागचं कारण समजलं की पुढची सगळी युक्ती उलगडते.

एमसीबीच्या आत दोन धातूंची एकमेकींना चिकटवलेली बारीक पट्टी असते. प्रवाह वाढला की ती तापते. दोन्ही धातू सारखे प्रसरण पावत नाहीत म्हणून ती वाकते आणि पुरेशी वाकली की खटका सोडते. तापायला वेळ लागतो, आणि तो किती लागावा हे प्रमाणित आहे. लिहिलेल्या आकड्याच्या १.१३ पटीपर्यंत, म्हणजे आपल्या घरात सुमारे ३६ अँपिअरपर्यंत, तो तासभर पडता कामा नये. १.४५ पट, म्हणजे ४६ अँपिअरच्या पुढे गेल्यावर मात्र तासाच्या आत पडलाच पाहिजे. आपले ४९ या दुसऱ्या हद्दीच्या पलीकडे आहेत. त्यामुळे घर काही मिनिटं शांत राहील आणि सगळे झोपल्यावर अंधारात जाईल.

या पट्टीला मिनिटांचा धीर आहे. इलेक्ट्रॉनिक उपकरणाला विचार करायला सेकंद पुरतात. घराच्या भाराप्रमाणे गाडीचा वाटा कमीजास्त करणारं लोड बॅलन्सिंग या दोहोंच्या मधल्या जागेत राहतं.

ते असं चालतं. मीटरनंतर, घराची सगळी वीज जिथून आत येते त्या फेजच्या तारेभोवती एक छोटं कडं बसवतात. त्याला सीटी म्हणतात. तारेला ते जोडलेलं नसतं, नुसतं तिच्याभोवती असतं. तारेतल्या प्रवाहाचं चुंबकक्षेत्र दर सेकंदाला पन्नास आवर्तनं करतं आणि त्यानेच कड्याच्या गुंडाळीत इवलासा प्रवाह उमटतो. तो मोजून डीबीत बसवलेला छोटा स्मार्ट मीटर चार्जरला सांगत राहतो की आत्ता घरात एवढे अँपिअर येत आहेत.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. वीज कंपनी लावते तो स्मार्ट मीटर वेगळा. त्यातली भाराची नोंद पंधरा मिनिटांच्या किंवा अर्ध्या तासाच्या ठोकळ्यांत होते. बिलासाठी ती ठीक, पण तेवढ्या वेळात पट्टी वाकून मोकळी होईल. नेदरलँड्समध्ये घराच्या मीटरलाच एक जोडजागा असते आणि नव्या मीटरमधून तिथे दर सेकंदाला आकडा मिळतो. आपल्याकडे चार्जरसोबतचा स्वतंत्र मीटर हाच खात्रीचा मार्ग.

चार्जरला आकडा कळला, पण गाडीला कोण सांगणार? माझ्या मते सगळ्यात विलक्षण गोष्ट इथेच आहे. चार्जिंगच्या जाड केबलमध्ये विजेच्या तारांबरोबर एक बारीक तार असते, कंट्रोल पायलट नावाची. तिच्यावर अधिक १२ आणि उणे १२ व्होल्टमध्ये सेकंदाला हजार वेळा वरखाली होणारा ठोका चालू असतो. प्रत्येक ठोक्याचा किती भाग वर आहे, हाच निरोप. नेहमीच्या घरगुती चार्जिंगमध्ये ती टक्केवारी गुणिले ०.६ केलं की अँपिअर मिळतात. १० टक्के म्हणजे ६ अँपिअर, २५ टक्के म्हणजे १५. गाडी हा ठोका सतत ऐकते आणि निरोप बदलला की पाच सेकंदांत आपला घोट लहान किंवा मोठा करते. स्वतःकडून ती वरच्या व्होल्टेजला खाली ओढून उत्तरही देते: ९ व्होल्ट म्हणजे जोडलेली आहे, ६ म्हणजे वीज घ्यायला तयार. या बोलण्याला इंटरनेट लागत नाही.

आता त्याच रात्रीचा हिशेब पुन्हा मांडू. चार्जरमध्ये घराची मर्यादा २६ अँपिअर ठेवली आहे. घर १७ घेतंय, म्हणून गाडीला ९ उरतात. ठोका १५ टक्के वर. साडेअकराला कोणी पाण्याची मोटर लावते आणि ६ अँपिअर वाढतात. गाडीला उरले ३. पण ठोक्याच्या भाषेत ६ पेक्षा कमी सांगताच येत नाही, म्हणून चार्जिंग थांबतं. मोटर बंद झाली की चार्जर थोडा थांबून, खात्री करून पुन्हा ९ देतो. कमी करताना घाई आणि वाढवताना सबुरी, हा त्याचा नियम. पहाटे खोल्या गार होतात, एसी मंदावून ६ अँपिअर सोडतात, आणि गाडीला १५ मिळू लागतात. नुसते ९ अँपिअर आठ तास मिळाले तरी साडेसोळा युनिट होतात. मध्यम आकाराच्या गाडीला शंभरेक किलोमीटर पुरेल एवढी ही वीज आहे.

मग ३२ च्या जागी २६ का? कारण ती पट्टी तापण्यावर चालते आणि तिचं मोजमाप ३० अंशांच्या हवेत ठरवलेलं असतं. पश्चिमेच्या भिंतीवरची डीबी मे महिन्यात पन्नास अंशांना पोहोचली की पट्टी आधीच अर्धवट वाकलेली असते. मग ३२ चा एमसीबी जवळपास दहावा हिस्सा कमी सोसतो. शिवाय गाडी तासन्‌तास वीज घेते, त्यामुळे सैल स्क्रूसुद्धा तापत राहतो. डिसेंबरच्या कडाक्यात चालून गेलेली मर्यादा उन्हाळ्यात घात करू शकते.

चुका बहुतेक बसवतानाच होतात. कडं फेज आणि न्यूट्रल दोन्ही तारांभोवती बसवलं तर जाणारा आणि येणारा प्रवाह एकमेकांना खोडतात. मीटर शून्याच्या आसपास दाखवतो आणि गाडी बेधडक ३२ घेते. दुसरी चूक सेटिंगची. कडं मेनवर असेल तर त्याच्या आकड्यात गाडीही येते. चार्जरने आधी गाडीचा वाटा वजा करून घराचा भार काढायला हवा. हे त्याला सांगितलं नसेल तर तो स्वतःच्याच विजेला घाबरून कमी करतो, मग वाढवतो, पुन्हा कमी करतो. गाडीच्या पडद्यावर अँपिअर असे हेलकावे खाताना दिसले तर हेच कारण आधी तपासा. आणि मीटरची तार तुटली तर चार्जरने ६ अँपिअरवर यावं किंवा थांबावं, हे सेटिंग आहे ना ते पाहा.

सगळं पडणं या युक्तीने थांबत नाही. बऱ्याच मिनिटांनी एमसीबी पडला तर तो जास्तीचा भार. चालू करताक्षणी पडला तर शॉर्टसर्किट. टेस्टचं बटण असलेला आरसीसीबी पडला तर कुठेतरी वीज गळते आहे. शेवटच्या दोन्हींत वायरमनला बोलवा, पुन्हापुन्हा खटका वर करू नका. आणि मंजूर भार अपुरा असेल तर तो वीज कंपनीकडून रीतसर वाढवूनच घ्यावा लागतो.

चार्जर बसवून झाला की वायरमन घरात असतानाच एक परीक्षा घ्या. गाडी चार्जिंगला लावा, अँपिअर बघा आणि गिझर चालू करा. गिझर आठ-नऊ अँपिअर घेतो. काही सेकंदांत गाडीचा आकडा उतरला किंवा चार्जिंग थांबलं, तर काम बरोबर झालं आहे. तो हललाच नाही, तर आधी घराची मर्यादा नीट घातली आहे का ते बघा, आणि मग ते कडं कोणत्या तारेभोवती आहे ते.