पत्ता चोवीस तासांचा

वायफायचा पासवर्ड बरोबर टाकला, फोन जोडला गेला, तरी इंटरनेट लगेच सुरू होत नाही. मध्ये एक काम उरलेलं असतं. त्या नेटवर्कमध्ये फोनला स्वतःचा आयपी पत्ता लागतो, आणि तो राउटरकडून मागून घ्यावा लागतो. ही मागणी डीएचसीपी नावाच्या पद्धतीने होते. आजही चालणारे तिचे नियम १९९७ साली आरएफसी २१३१ या दस्तऐवजात ठरले.

अडचण अशी की, फोनकडे पत्ता नाही आणि पत्ते कोण वाटतं हेही त्याला माहीत नाही. म्हणून तो सगळ्या नेटवर्कला उद्देशून हाक मारतो: इथे पत्ता देणारं कुणी आहे का? हा डिस्कव्हर. पाठवणाऱ्याच्या जागी `0.0.0.0` लिहिलेलं असतं, म्हणजे ‘अजून पत्ता नाही’. फोनची ओळख पटते ती त्याच्या मॅक क्रमांकावरून.

राउटर आपल्या यादीतला मोकळा पत्ता शोधून तो देऊ करतो, समजा `192.168.1.112`. ही ऑफर. पत्त्यासोबत मुदतही कळवलेली असते, आपल्या उदाहरणात २४ तास. तिलाच लीज म्हणतात.

मग फोन म्हणतो, मला हाच पत्ता हवा. ही रिक्वेस्ट. एव्हाना देणारा कोण ते कळलेलं असतं, तरीही फोन हे सगळ्यांना ऐकू जाईल असंच सांगतो. कारण मोठ्या कार्यालयात पत्ते देणारे दोन सर्व्हर असू शकतात आणि दोघांनीही ऑफर दिलेली असू शकते. ज्याची निवड झाली नाही, त्याला ते ऐकून आपला राखून ठेवलेला पत्ता मोकळा करता येतो. शेवटी राउटर यादीत नोंद करून होकार कळवतो, तो अ‍ॅक्नॉलेज. हा होकार मिळाल्याशिवाय फोनने तो पत्ता वापरायचा नसतो.

आता प्रश्न मुदतीचा. पत्ता कायमचा का देत नाहीत? कारण बहुतेक फोन निरोप न घेता जातात. पत्ता परत करण्याचा संदेश नियमांत आहे, पण खिशात फोन टाकून दाराबाहेर पडणाऱ्याचा फोन सहसा तो पाठवत नाही. राउटरला पत्ता परत मिळतो तो मुदत संपल्यावरच. आणि जो अजून तिथेच आहे, त्याने तसं वेळोवेळी कळवायचं असतं. नूतनीकरण म्हणजे हेच कळवणं.

सकाळी ९ वाजता २४ तासांची लीज मिळाली, तर निम्मी मुदत सरल्यावर, म्हणजे रात्री ९ वाजता, फोन थेट त्याच राउटरला रिक्वेस्ट पाठवतो. डिस्कव्हर आणि ऑफरची आता गरज नसते. होकार आला की पत्ता तोच राहतो आणि नवे २४ तास तेव्हापासून मोजले जातात. चालू असलेला व्हिडिओ थांबतही नाही. उत्तर आलं नाही, तर फोन अधूनमधून पुन्हा विचारतो. मुदतीचा सात-अष्टमांश भाग उलटल्यावर, म्हणजे पहाटे ६ वाजता, तो पुन्हा सगळ्या नेटवर्कला विचारू लागतो. सकाळी ९ पर्यंत कुणीच होकार दिला नाही, तर पत्ता सोडून डिस्कव्हरपासून सुरुवात.

मुदत चुकली की काय होतं, ते एका अभ्यासिकेच्या हिशेबात दिसतं. राउटरकडे ५० पत्ते आहेत, मुदत २४ तास. सकाळी ७ ते १ या वेळेत ३० मुलं येऊन जातात. अडीच वाजता दुसरी ३० येतात. खोलीत उपकरणं तीसच, पण सकाळचे ३० पत्ते दुसऱ्या दिवशीपर्यंत अडकलेले. वीस जणांना पत्ता मिळतो. उरलेल्या दहांच्या डिस्कव्हरला उत्तरच येत नाही. फोन जोडणीच्या पायरीवर अडकतो आणि विंडोज लॅपटॉप स्वतःच `169.254` ने सुरू होणारा पत्ता घेतो. त्यावर इंटरनेट चालत नाही. हा पत्ता दिसला, की राउटरकडून ऑफर आलेली नाही, एवढं कळतं. विंडोजमध्ये ते असं पाहता येतं:

```
ipconfig /all
```

पत्ता नीट मिळाला असेल, तर इथेच `Lease Obtained` आणि `Lease Expires` या ओळींत लीजच्या वेळा दिसतात.

अभ्यासिकेत मुदत एक तासाची केली, तर बसलेल्यांचं नूतनीकरण दर अर्ध्या तासाने होत राहील आणि एक वाजता गेलेल्यांचे सगळे पत्ते दोनपर्यंत मोकळे होतील. दोन छोट्या संदेशांचा भार नगण्य. मात्र पत्ते देणारी यंत्रणा तासभर बंद पडली, तर बसलेल्या सगळ्यांचेच पत्ते जातील. २४ तासांच्या लीजमध्ये तेवढा बिघाड कुणाला कळलाही नसता. म्हणून तीच ती चार-पाच उपकरणं असलेल्या घरात मुदत लांब ठेवावी आणि माणसं सतत बदलतात तिथे आखूड.