टेकूच्या पिनेवर चौपट भार

आरे कॉलनीत राहणाऱ्या आणि तिथून रोज मरोळ एमआयडीसीतल्या फॅब्रिकेशनच्या गाळ्यावर जाणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे : वेल्डिंगच्या फिक्श्चरवर टॉगल क्लॅम्प बसवले आहेत. हँडलला जेमतेम पाच किलोचा हात लागतो, पण जॉब जागचा हलत नाही. मग जॉबवर नेमका किती जोर पडतो? आणि जॉबपासून इतक्या लांब असलेल्या आर्मच्या पिनेचे भोकच सगळ्यांत आधी अंडाकृती का होते?

दुसऱ्या प्रश्नावर मी जास्त खूश झालो, कारण खरे उत्तर तिथेच आहे.

अशा क्लॅम्पमध्ये चार पिना असतात. आर्म एका पिनेवर टेकलेला असतो, तिला टेकूची पिन म्हणू. आर्मचे पुढचे टोक स्पिंडलमधून जॉब दाबते आणि मागचे टोक एका पिनेने हँडलला जोडलेले असते, ती शेपटीची पिन. हँडलचा खालचा भाग आणि बेसवरची छोटी लिंक यांना जोडणारी पिन म्हणजे गुडघा, कारण वाकलेला पाय सरळ करताना जे होते तेच इथे होते. चौथी पिन लिंकला बेसशी बांधते. हँडल दाबले की गुडघा सरळ होऊ लागतो आणि शेपटीला वर रेटतो. शेपटी वर गेली की आर्मचे पुढचे टोक खाली बसते.

आता आकडे घेऊ. हात शेपटीच्या पिनेपासून १५० मि.मी. वर, ५० न्यूटनने आडवा रेटतो. हँडलमधली शेपटी ते गुडघा ही लांबी ३० मि.मी., लिंकही तेवढीच. टेकूपासून शेपटी ३० मि.मी. मागे, स्पिंडल ९० मि.मी. पुढे.

पूर्ण क्लॅम्प एकदम बघायला गेलो तर काहीच हाती लागत नाही. एकेक भाग सुटा करायचा. सुरुवात लिंकपासून, कारण तिच्यावर दोनच बले लागतात, दोन टोकांच्या पिनांची. लिंक समतोलात राहायची तर ती दोन्ही बले समान, विरुद्ध आणि तिच्याच रेषेत असली पाहिजेत. म्हणजे लिंकमधल्या बलाची दिशा आपल्याला फुकट मिळाली.

मग हँडल सुटे करा. त्यावर तीन बले : हाताचे, लिंकचे आणि शेपटीच्या पिनेचे. शेपटीभोवती आघूर्ण घेतले की तिसरे बल हिशेबातून जाते. हाताचे आघूर्ण ५० गुणिले १५०, म्हणजे ७५०० न्यूटन-मि.मी. लिंकच्या बलाची रेषा शेपटीच्या पिनेपासून किती दूर आहे, यावर सगळे ठरते. गुडघा जवळपास सरळ होत आला असताना हे अंतर ३ मि.मी. धरा. मग लिंकमध्ये २५०० न्यूटन येतात. शेपटीच्या पिनेवरही तेवढेच, कारण हाताचे ५० न्यूटन त्यापुढे नगण्य आहेत.

शेवटी आर्म. शेपटीवर २५०० न्यूटन वर, टेकूपासून ३० मि.मी. मागे. पुढे ९० मि.मी. अंतरावर जॉबची प्रतिक्रिया, तीही वर. टेकूभोवतीचा समतोल साधला की जॉबवरचे बल ८३३ न्यूटन निघते, म्हणजे सुमारे ८५ किलो. हाताच्या सोळापटीहून अधिक.

इथे बहुतेक जण वही मिटतात. पण आर्मवर दोन्ही टोकांना बल वरच्या दिशेने आहे. त्याला खाली धरून ठेवणारी फक्त टेकूची पिन आहे. तिच्यावर २५०० अधिक ८३३, म्हणजे ३३३३ न्यूटन. जॉबला जेवढा जोर मिळतो त्याच्या बरोबर चौपट. गाळ्यातल्या भोकाचे कोडे इथे सुटते. जॉब दाबला गेला म्हणून आपण खूश होतो, आणि मार खाते ती टेकूची पिन.

गुडघ्याची ही युक्ती छापखान्यात जुनी. लंडनच्या रिचर्ड कोपने १८२० च्या सुमारास काढलेल्या अल्बियन हातछापयंत्रात कागदावर दाब याच गुडघ्याने येई. क्लॅम्पच्या गोष्टीत छपाईवाल्यांचे नाव कुणी घेत नाही, हा माझा जुना राग आहे.

आता एका दाव्याबद्दल. लिंकच्या रेषेचे शेपटीपासूनचे अंतर ३ चे १ मि.मी. झाले की लिंकमधले बल तिप्पट, शून्य झाले की अनंत! पुस्तकांत हे मोठ्या चवीने सांगितले जाते. डेड सेंटरला अनंत जोर. प्रत्यक्षात पिना घासतात. ६ मि.मी. व्यासाची पिन आणि ०.१५ घर्षणांक धरला तर प्रत्येक पिनेवर बलाची रेषा केंद्रापासून ०.४५ मि.मी. सरकू शकते. गुडघ्यात दोन्ही भाग उलट फिरतात, म्हणून तिथले घर्षण दुप्पट मोजावे लागते. शेपटी आणि बेसची एकेक भर घालून एकूण १.८ मि.मी. होतात. ही भर आपल्या अंतरात मिळवायची. म्हणजे ३ च्या जागी ४.८, आणि जॉबवर ८३३ नव्हे तर जेमतेम ५२० न्यूटन. डेड सेंटरलाही अंतर शून्य नसून १.८ मि.मी. असल्यासारखेच, म्हणजे जॉबवर सुमारे १,३९० न्यूटन. अनंत गेले, चौदाशेच्या आत आले. घर्षणांक तेलाने ०.१ वर आणला तर तोच हात २,०८० न्यूटन देतो. क्लॅम्पला तेल घालण्याचा उपदेश सगळेच करतात. त्यातून जोर दीडपट होतो, हे फार कमी जण सांगतात.

शिवाय हा सारा हिशेब म्हणजे हात किती बल पुरवू शकतो, एवढाच. प्रत्यक्षात बल किती येईल, ते स्पिंडल किती खाली सोडला आहे त्यावर ठरते. आर्म, पिना, टोकाचे रबर थोडे दबतात आणि तो दाब आत साठतो. गुडघा डेड सेंटर ओलांडून थोडा पलीकडे जाऊन अडतो. मग हात काढला तरी साठलेला दाबच त्याला अडणीवर रेटून ठेवतो. स्पिंडल वर राहिला असेल तर हँडल अलगद पलीकडे जाईल आणि जॉबवर काहीच येणार नाही. कॅटलॉगवर लिहिलेली क्षमता बहुधा बंद क्लॅम्प वाकल्याशिवाय किती बल सोसेल ती असते, तो किती दाबेल ती नव्हे. दोन्ही आकडे एक समजून खरेदी करणारे पुष्कळ.

आणि झीज? टेकूचे भोक ०.२ मि.मी. ने वाढले, तर शेपटी जागेवर धरून स्पिंडलचे टोक ०.८ मि.मी. वर उठते. इथेही चौपट, कारण शेपटीपासून टेकू ३० आणि स्पिंडल १२० मि.मी. वर आहे. साठलेला दाब तेवढ्याने पार संपू शकतो. कामगार मग स्पिंडल थोडा फिरवतो, क्लॅम्प पुन्हा 'खट्' वाजतो, आणि आठवड्याने तीच तक्रार.

ओळखायचे कसे? जॉब काढा, क्लॅम्प बंद करा आणि आर्मचे टोक बोटाने वर-खाली हलवा. हलताना एका बाजूने चार पिनांकडे बघा : ज्या पिनेभोवती पत्रा सरकताना दिसतो, तिथे झीज आहे. टेकूची पिन सरकत असेल तर स्पिंडलला हात लावू नका. पिन काढा, भोक गोल करून बुश बसवा, मगच स्पिंडल पुन्हा जुळवा.