बल्ब-कॅमेऱ्यांचं वेगळं बिऱ्हाड

फेब्रुवारी २०२० मध्ये चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी एक प्रयोग जाहीर केला. त्यांनी फिलिप्स ह्यू जातीचा एक स्मार्ट बल्ब दुरून ताब्यात घेतला आणि त्याचा रंग व प्रकाश मनमानी बदलायला लावला. बल्ब बिघडला असं वाटून घरमालक काय करेल? ॲपमधून तो काढून टाकेल आणि पुन्हा जोडेल. नेमक्या त्या जोडणीच्या वेळी बल्बने आपल्या नियंत्रक पेटीवर हल्ला चढवला. ती पेटी घरच्या नेटवर्कला जोडलेली होती, त्यामुळे पुढचा रस्ता थेट संगणकापर्यंत मोकळा झाला. कंपनीने जानेवारीतच अपडेट देऊन ही फट बुजवली होती. पण बल्बातून लॅपटॉपपर्यंत पोहोचता येतं, हे त्या प्रयोगाने दाखवून दिलं.

हे शक्य होतं, कारण घरातल्या एकाच वायफायवरची उपकरणं सहसा एकमेकांना पाहू शकतात. लॅपटॉपला सतत अपडेट मिळतात. स्वस्तातल्या कॅमेऱ्याला मात्र विकल्यानंतर अनेकदा कुणी विचारत नाही. अमेरिकेच्या एफबीआयच्या पोर्टलंड कार्यालयाने डिसेंबर २०१९ मध्येच लोकांना सांगितलं होतं, की फ्रिज आणि लॅपटॉप एका नेटवर्कवर नसावेत.

त्यासाठी नवं यंत्र घ्यायची गरज बहुधा पडत नाही. पुण्यातला एखादा दोन खोल्यांचा फ्लॅट घ्या: एक लॅपटॉप, दोन फोन, एक प्रिंटर, चार बल्ब, दोन कॅमेरे. राउटरच्या पानावर (पत्ता बहुतेक वेळा `192.168.0.1` किंवा `192.168.1.1`, राउटरखालच्या चिठ्ठीवर छापलेला असतो) `Guest Network` हा पर्याय सापडतो. पाहुण्यांसाठी केलेली ही सोय बल्बांना चपखल बसते. तिला वेगळं नाव आणि वेगळा, लांब पासवर्ड द्यावा आणि ती 2.4 GHz वर चालू करावी, कारण बरेचसे बल्ब 5 GHz पकडत नाहीत. पाहुण्यांना घरच्या नेटवर्कमध्ये प्रवेश देणारी खूण तिथे असेल, तर ती काढून टाकावी.

आता सामान हलवायचं. बहुतेक बल्ब ठरावीक वेळा बंद-चालू केले की लुकलुकू लागतात, म्हणजे जुनं वायफाय विसरून नवी जोडणी घ्यायला तयार होतात. जोडताना फोनही तेवढ्यापुरता पाहुण्यांच्या नेटवर्कवर न्यावा. काम झालं की तो परत मूळ जागी. त्यानंतर ॲपचा हुकूम इंटरनेटवरून फिरून बल्बाकडे जातो. म्हणून इंटरनेट बंद पडलं, तर असे बल्ब फोनवरून चालत नाहीत. कॅमेरे घरच्याच रेकॉर्डरवर चित्रण साठवत असतील, तर रेकॉर्डरही त्यांच्यासोबत हलवावा. काही राउटर पाहुण्यांना आपापसातही बोलू देत नाहीत. तिथे ही जोडी तुटते आणि रेकॉर्डिंग थांबतं.

भिंत खरंच उभी राहिली का, हे तपासायला पाच मिनिटं पुरतात. घरच्या नेटवर्कवरून प्रिंटरचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकला की त्याचं पान उघडतं. मग फोनचा मोबाइल डेटा बंद करून तो पाहुण्यांच्या नेटवर्कवर न्यावा आणि तोच पत्ता टाकावा. पान उघडलं नाही, तर भिंत आहे. उघडलं, तर ती फक्त नावापुरती आहे. आधी घरच्या बाजूने पान उघडून पाहणं महत्त्वाचं, नाहीतर प्रिंटर बंद असल्यानेही खोटा दिलासा मिळतो.

सर्वांत जास्त चूक होते ती दोन राउटर असलेल्या घरात. फायबर कंपनीची पेटी दाराजवळ आणि तिला जोडलेला स्वतःचा राउटर आतल्या खोलीत, ही मांडणी नेहमीची. लोक आतल्या राउटरवर बल्ब ठेवतात आणि लॅपटॉप पेटीवर. वेगळेपणा झाला असं त्यांना वाटतं, पण तो उलटा झालेला असतो. आतल्या राउटरमागचं उपकरण बाहेरच्या पेटीवरच्या उपकरणांपर्यंत पोहोचू शकतं. बाहेरच्याला मात्र सहसा आत शिरता येत नाही. म्हणून बल्ब आणि कॅमेरे बाहेरच्या पेटीवर, लॅपटॉप आणि फोन आतल्या राउटरमागे हवेत. आतला राउटर `Access Point` म्हणून चालत असेल, तर दोन्हींचं नेटवर्क एकच असतं आणि ही आड राहतच नाही.

या भिंतीने लॅपटॉप वाचतो, कॅमेरा नव्हे. कॅमेऱ्याचा पासवर्ड कारखान्यातून आला तसाच राहिला, तर घरातलं चित्र बाहेरचा माणूस पाहू शकतो, मग नेटवर्क कितीही वेगळं असो. तेव्हा बिऱ्हाड हलवतानाच प्रत्येक कॅमेऱ्याचा पासवर्ड बदलावा आणि अपडेट आलंय का ते पाहावं. ज्याला कंपनी आता अपडेट देतच नाही, तो कॅमेरा निदान शयनगृहातून तरी काढावा.