खातं तेच, सही आता तिची

जून महिना लागला की बँकेच्या काउंटरवर एक प्रसंग हमखास घडतो. बारावीनंतरचे प्रवेश सुरू असतात, वसतिगृहाची अनामत भरायची असते, आणि मुलाच्या नावावर साठवलेल्या पैशांची आठवण होते. वडील नेहमीप्रमाणे पैसे काढायची स्लिप भरून सही करतात, कॅशियर खाते क्रमांक टाकतो आणि स्लिप परत सरकवतो. खात्यात पैसे आहेत, सहीही जुळते, तरी पैसे निघत नाहीत. कारण मूल अठरा वर्षांचं झालेलं असतं.

तालुक्याच्या गावातल्या शाखेत हे काम माझ्या टेबलावर येतं. त्यातलं 2025 च्या जूनमधलं एक प्रकरण सांगते, कारण या कामात जे जे अडतं ते बहुतेक त्यात होतं.

मुलीचा जन्म 9 जून 2007 चा. पाचवीत असताना शिष्यवृत्तीसाठी तिचं बचत खातं उघडलं होतं आणि पालक म्हणून वडिलांची सही होती. 11 जूनला दोघं शाखेत आली. शिल्लक होती 31,460 रुपये आणि वडिलांना 20,000 काढायचे होते. "मॅडम, परवाच वाढदिवस झाला तिचा. दोन दिवसांत असं काय बदललं?" त्यांचा प्रश्न रास्त होता.

बदललं ते वाढदिवसाच्या दिवशीच. भारतात सज्ञान होण्याचं वय 1875 च्या कायद्याने ठरतं, आणि वय मोजताना जन्माचा दिवस पूर्ण धरला जातो. त्यामुळे अठरावा वाढदिवस उजाडला की माणूस कायद्याने सज्ञान. खात्यातले पैसे पहिल्यापासून मुलीचेच होते. वडील तिच्या वतीने, तिच्या हितासाठी व्यवहार करत होते, एवढाच त्यांचा अधिकार. तो 9 जूनला संपला. पण मुलीची सही बँकेकडे नाही. म्हणजे एकाचा अधिकार संपलाय आणि दुसरीचा नोंदवायचा राहिलाय, अशा मधल्या अवस्थेत खातं अडकतं. बँकेची संगणक प्रणाली जन्मतारखेवरून हे ओळखते आणि खात्यातून पैसे निघणं थांबवते. सहसा जमा मात्र होत राहते, आणि म्हणूनच पैसे काढायची वेळ येईपर्यंत घरात कुणाच्या लक्षात येत नाही. या मुलीच्या खात्यातून दर महिन्याच्या 15 तारखेला 500 रुपये आवर्ती ठेवीत वळते व्हायचे. ती दोघं आली नसती तर चार दिवसांनी तो हप्ताही चुकला असता.

अशा वेळी बँकांनी काय करायचं ते रिझर्व्ह बँकेने ठरवून दिलं आहे. 21 एप्रिल 2025 च्या परिपत्रकातही ते होतं. खातेदार सज्ञान झाला की खातं कसं चालवायचं याच्या नव्या सूचना आणि नमुना सही घ्यायची. खातं पालक चालवत असतील तर शिलकेची खातरजमा करून घ्यायची. आणि हे सगळं लागणार आहे हे खातेदाराला आधीच कळवायचं. आमच्याकडून मेसेज गेला होता, पण खात्याला नंबर वडिलांचा होता आणि बँकेच्या दहा मेसेजांत तो एक वाचायचा राहून गेला होता.

मी मुलीला समोर बसवलं आणि अर्ज तिच्या हातात दिला. वडिलांनी सवयीने पेन काढलं होतं. हा अर्ज खातेदाराने भरायचा असतो, म्हणून मी तो तिच्याकडेच राहू दिला.

पहिली अडचण ओळखपत्राची आली. अज्ञान खातं उघडताना जन्माचा दाखला आणि पालकांची कागदपत्रं घेतलेली असतात. मूल सज्ञान झालं की ताजा फोटो लागतो आणि आजच्या नियमांप्रमाणे त्याची स्वतःची केवायसी पूर्ण आहे ना हे पाहावं लागतं. मुलीने आधार कार्ड दिलं. त्यावर पाच-सहा वर्षांची, दोन शेंड्या बांधलेली पोर होती. यंत्रावर बोट ठेवलं तर ठसा जुळेना. वयाच्या पंधराव्या वर्षी आधारमधले बोटांचे ठसे, बुबुळं आणि फोटो नव्याने द्यावे लागतात. ते तिचं राहिलं होतं. अठराव्या वर्षी बँकेत अडणाऱ्या मुलांत हे कारण मला सारखं दिसतं. सुदैवाने तिच्याकडे नवा कोरा पासपोर्ट होता. तो ओळखीला आणि पत्त्याला दोन्हीला चालतो. तो नसता तर आधी आधार केंद्र गाठावं लागलं असतं. तरीही आधार दुरुस्त करून घे असं तिला बजावलं, कारण पुढे शिष्यवृत्ती आधारवरच येणार.

पॅन कार्ड तिच्याकडे नव्हतं, म्हणून फॉर्म 60 भरून घेतला. ज्यांचं पॅन लहानपणीच काढलेलं असतं त्यांनी एक लक्षात ठेवावं. अज्ञान मुलाच्या पॅन कार्डावर फोटो आणि सही नसते. अठरानंतर दुरुस्तीचा अर्ज करून दोन्ही घालून घ्यायचं. नंबर तोच राहतो.

मग सही. नमुना सहीच्या चौकटी तिच्यासमोर ठेवल्या. पहिली तिने मराठीत केली, पूर्ण नाव, शाळेच्या वहीवर असतं तसं ठळक. दुसरी इंग्रजीत, आद्याक्षरं आणि आडनाव. तिसरीला आडनावाखाली एक लांब रेघ आली. तीन चौकटींत तीन सह्या. या वयात असं होतंच, कारण तोवर सही करायची वेळच आलेली नसते. मी तो कागद बाजूला ठेवला, कोरा कागद दिला आणि सांगितलं की सही कोणत्याही भाषेत चालते, पण पाच वर्षांनी घाईतही तशीच करता आली पाहिजे. पासपोर्टवर तिने मराठीत सही केलेली होती. तीच कायम कर, म्हटलं. तिने दहा-बारा वेळा गिरवली आणि मग नव्या कागदावर एकसारख्या केल्या. इथे दिलेली पाच मिनिटं पुढचे बरेच हेलपाटे वाचवतात, कारण इथून पुढे तिची प्रत्येक स्लिप आणि प्रत्येक चेक या स्कॅन केलेल्या सहीशी ताडून पाहिला जाणार असतो.

यानंतरचा टप्पा लोक सर्वांत घाईने उरकतात: शिलकेची खातरजमा. अर्जात एक ओळ असते, की आजच्या तारखेला खात्यात अमुक रक्कम आहे आणि ती मला मान्य आहे. बहुतेक मुलं न वाचता सही करतात. या मुलीने विचारलं, "पासबुक बघू का आधी?" मी पासबुक भरून दिलं. शिष्यवृत्तीच्या रकमा, आजीने दिवाळीला टाकलेले पैसे, तिमाहीचं व्याज, असं सगळं ती खाली वाचत गेली. दोन ठिकाणी तिचं बोट थांबलं. एकदा 6,000 काढलेले, एकदा 9,500. वडिलांनी सांगितलं, सहा हजार दहावीच्या क्लासचे. साडेनऊ हजार तुझ्या चष्म्याचे आणि डोळ्यांच्या तपासणीचे. तिला दोन्ही आठवलं. तिने सही केली.

त्या ओळीचं मोल एवढ्यासाठी आहे. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याने नैसर्गिक पालकाला मुलाच्या हिताचे व्यवहार करायचा अधिकार दिलाय, पण पैसा मुलाचा आहे हे त्यात गृहीतच आहे. इतक्या वर्षांचा हिशेब ज्याचा त्याच्यासमोर ठेवून, त्याने तो पाहिला अशी नोंद करायची, ही ती जागा. आईवडिलांवर अविश्वास म्हणून कुणी याकडे पाहू नये. उलट ज्या घरात हे पासबुक उघडून वाचलं जातं, तिथे पुढे पैशावरून शंका राहत नाही.

आता खातं कसं चालवायचं ते ठरवायचं होतं. वडील म्हणाले, "माझं नाव राहू द्या की. पोरगी पुण्याला एकटी असणार." ते शक्य आहे, पण पालक म्हणून नाही. ते संयुक्त खातेदार होऊ शकतात, आणि दोघांपैकी कुणाचीही सही चालेल अशी सूचना देता येते. मात्र हे मुलीने सांगायला हवं, आणि मग दोघांनाही पूर्ण रक्कम काढता येते हे तिला कळायला हवं. मी दोन्ही पर्याय तिला समजावले. तिने खातं एकटीच्या नावावर ठेवलं आणि आईचं नामनिर्देशन केलं. वडिलांनी मान डोलावली.

खात्याचा प्रकारही इथेच निवडावा लागतो. मुलांच्या खात्याला अनेकदा किमान शिलकेची अट नसते, साध्या बचत खात्याला असू शकते. ज्यांना ती पाळणं जमणार नाही त्यांनी मूलभूत बचत खातं मागावं. त्याला किमान शिल्लक लागत नाही, फक्त त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही. तिने तेच घेतलं.

शेवटी मोबाइल नंबर. तो बदलला नाही तर सही मुलीची आणि ओटीपी वडिलांच्या फोनवर, असा घोळ होतो. यूपीआयही तिच्या फोनवर चालू होत नाही. तिने स्वतःचा नंबर दिला.

माहिती मी भरली आणि दुसऱ्या अधिकाऱ्याने कागद ताडून मंजूर केली. एकाच माणसाच्या हातून हे होत नाही. दुपारी मुलीने स्वतःच्या सहीने 20,000 ची स्लिप भरली आणि पैसे निघाले. बदल खरोखर झाला की नाही हे ओळखायची खूण हीच. नुसता अर्ज देऊन घरी जाऊ नये. पासबुकावरून पालकाचं नाव गेलंय का पाहावं आणि थोडी रक्कम स्वतःच्या सहीने काढून बघावी.

इतकी खटपट नको म्हणून पुष्कळ जण कॉलेजच्या गावी नवं खातं उघडतात आणि जुनं तसंच सोडून देतात. त्यात धोका आहे. महाडीबीटीची शिष्यवृत्ती आधारशी जोडलेल्या खात्यात जाते, आणि आधार जर जुन्या खात्याशीच जोडलेलं असेल तर पैसे तिथे जमा होऊन अडकतात. दोन वर्षं खातेदाराने काहीच व्यवहार केला नाही तर खातं साधारणपणे निष्क्रिय ठरतं, आणि दहा वर्षांनी त्यातली शिल्लक रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीकडे जाते. ती परत मागता येते, पण आणखी कागद करून. खातं रूपांतरित केलं तर क्रमांक तोच राहतो, आधारची जोडणी तीच राहते आणि काही हरवत नाही.

तेव्हा घरात कुणाला अठरा वर्षं पूर्ण होणार असतील तर वाढदिवसाच्या महिनाभर आधी मुलाचं आधार तपासा, ठसे अद्ययावत करा आणि खातं ज्या शाखेत आहे तिथे काय लागेल ते विचारा. वाढदिवसानंतरच्या पहिल्या कामकाजाच्या दिवशी मूळ कागदपत्रं, दोन फोटो आणि पासबुक घेऊन मुलाला सोबत न्या. अर्ज त्यालाच भरू द्या, आणि सही करण्याआधी पासबुक वाचायला द्या.