एका बोटाचा जुगार

जुगार हराम आहे, हे आपल्या घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. पत्त्यांचा अड्डा कुठे आहे हे मोहल्ल्याला माहीत असते आणि तिकडे जाणाऱ्याला चार लोक पाहतात. मोबाइलवरील सट्ट्याने ती लाज, ते अंतर आणि वाटेत विचार करायला मिळणारा वेळ, तिन्ही काढून टाकले. या ॲपची रचना आम्ही समजून घेतली, तेव्हा लक्षात आले की तिथली कितीतरी बटणे एकाच कामासाठी आहेत. माणसाला थांबू द्यायचे नाही.

एक हिशेब करून पाहू. क्रिकेटचा टी-ट्वेंटी सामना चालू आहे. पुढच्या षटकात अमुक धावांपेक्षा जास्त होतील की कमी, यावर पैज आहे. दोन्ही बाजूंना भाव १.९०, म्हणजे १०० रुपये लावून जिंकल्यास १९० परत. दोन्ही शक्यता सारख्या धरल्या तर १०० रुपयांमागे सरासरी ९५ रुपयेच परत येतात. पाच रुपये ॲपवाल्याचे. एका सामन्यावर एकच पैज लावली तर ही किंमत फार वाटत नाही.

पण पैज संपताच पडद्यावर ‘पुन्हा लावा’ हे बटण येते. रक्कम आधीच भरलेली असते. पिन टाकावा लागत नाही, कारण पैसे आधीच ॲपच्या वॉलेटमध्ये आहेत. सामन्यात ४० षटके असतात. प्रत्येक षटकावर १०० रुपये लावले तर एकूण ४,००० रुपयांच्या पैजा होतात आणि ॲपवाल्याचा सरासरी वाटा २०० रुपये. खेळणारा मात्र मनाशी म्हणत असतो, ‘मी तर शंभरच लावतोय.’ मधे जिंकलेले पैसेही पुन्हा त्याच चक्रात जातात. भाव बदलला नाही, फक्त वेग वाढला, आणि नुकसान चाळीसपट झाले.

वेगात धोका आहे हे ब्रिटनच्या जुगार नियामकानेही मानले. तिथे जुगार कायदेशीर आहे. तरीही ऑनलाइन स्लॉट, म्हणजे चित्रांची चक्रे फिरवण्याच्या खेळात, ऑक्टोबर २०२१ पासून प्रत्येक फेरीला किमान अडीच सेकंद लागलेच पाहिजेत असा नियम झाला. आपोआप फिरत राहण्याची सोय बंद करण्यात आली. लावलेल्या रकमेपेक्षा कमी परत आले असताना जिंकल्यासारखे संगीत वाजवण्यासही मनाई झाली.

दुसरी युक्ती सूचनांची. माणूस कोणत्या संघावर पैसे लावतो, किती वाजता ॲप उघडतो, किती दिवस आला नाही, ही सारी नोंद ॲपकडे असते. त्यामुळे फोन नेमका त्याच वेळी वाजतो: ‘तुमची मोफत पैज रात्री १२ ला संपेल.’ अशा मोफत पैजेत बहुधा मूळ रक्कम परत मिळत नाही. १०० रुपयांची पैज १.९० भावाने जिंकली तरी हाती ९० येतात. पण तिचे खरे काम माणसाला परत आणण्याचे असते.

तिसरी युक्ती बिल्ल्याची. ‘सलग ६ दिवस! उद्या आलात तर २०० रुपये बोनस.’ हा बिल्ला दिवस मोजतो, गमावलेले पैसे मोजत नाही. सहा दिवसांची साखळी तुटेल या भीतीने माणूस सातव्या दिवशी खेळतो. शिवाय बोनस काढण्यासाठी त्याच्या २० पट पैजा लावण्याची अट असेल, तर ४,००० रुपये फिरवावे लागतात. वरच्याच हिशेबाने त्यात सरासरी २०० रुपये जातात. बोनस जिथून आला तिथेच परत गेला.

सूरह माइदाच्या ९० व ९१ व्या आयतींत जुगाराच्या मनाईबरोबर तिचे कारणही आले आहे: त्यातून आपसांत वैर वाढते, आणि माणूस अल्लाहच्या स्मरणापासून व नमाजपासून दूर जातो. इशाच्या वेळी वाजणारी सूचना पाहिली की हे कारण समजायला तफसीर उघडावी लागत नाही.

घरात कसे ओळखावे? बँकेच्या उताऱ्यात अनोळखी नावांना गेलेल्या १००, २००, ५०० रुपयांच्या नोंदी एकाच संध्याकाळी ओळीने दिसतात. एकेक नोंद पाहू नका, महिन्याची बेरीज मांडा. ॲप नुसते काढून टाकल्याने खाते बंद होत नाही, ते बंद करण्याची विनंती वेगळी करावी लागते. सूचना, संदेश आणि त्यांचे टेलिग्राम गट बंद करा. यूपीआयची रोजची मर्यादा कमी करून घ्या.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. त्यात शिक्षा असे खेळ चालवणाऱ्याला व त्यांची जाहिरात करणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. म्हणून मुलाने वा शौहरने कबूल केले तर पोलिसांच्या भीतीने ते लपवू नका. टेलि-मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. आणि कर्ज झाले असेल तर ते फेडण्यासाठी ‘शेवटची एक पैज’ लावू देऊ नका. ‘पुन्हा लावा’चे बटण त्याच क्षणाची वाट पाहत असते.